उत्तरतालिका चुकली की प्रश्नच दुहेरी होता? हरकत घेण्याआधीची तपासणी

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, पण मे-जून आला की घरी मुलं-मुली येतातच. हातात मोबाईल असतो, त्यावर उत्तरतालिका असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, की चुकली आहे." आज मी फक्त या एका वाक्याबद्दल बोलणार आहे. की खरोखर चुकली आहे, की प्रश्नाचेच दोन अर्थ निघत आहेत, की आपणच प्रश्न चुकीचा वाचला आहे? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. हरकतीचे पैसे भरण्याआधी आपली गोष्ट यातली कोणती, हे घरात बसून ओळखता येतं. कसं, ते सांगतो.

सुरुवात एका खऱ्या प्रश्नापासून करू. ५ मे २०२४ च्या नीट परीक्षेत पदार्थविज्ञानाचा एक प्रश्न होता. दोन विधानं दिली होती. पहिलं असं, की अणूमध्ये धन आणि ऋण प्रभार सारखे असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं असं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. पर्याय २ म्हणत होता, दोन्ही विधानं बरोबर. पर्याय ४ म्हणत होता, पहिलं बरोबर, दुसरं चूक.

माझ्याकडे येणाऱ्या दोन मुली त्या परीक्षेला बसल्या होत्या. एकीनं पर्याय २ लिहिला, दुसरीनं ४. मे महिन्याच्या शेवटी एनटीएची तात्पुरती उत्तरतालिका आली, तीत उत्तर ४ होतं. पहिली मुलगी रडवेली होऊन आली. म्हणाली, "सर, माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. हे बघा." पुस्तक तिच्या मोठ्या भावाचं होतं, एनसीईआरटीचंच, पण जुनं. वाक्य खरंच तसंच छापलेलं होतं. मी पान पाहिलं आणि लगेच म्हणालो, "हरकत घे." प्रत्येक प्रश्नाला दोनशे रुपये, परत न मिळणारे. तिच्या अब्बांनी भरले. तिच्यासारख्या देशभरच्या हजारो मुलांनी भरले.

४ जूनला निकाल लागला. एनटीएनं पर्याय २ आणि ४ दोन्ही ग्राह्य धरले होते. माझी मुलगी खूश, मीही खूश. दुसरी मुलगी मात्र गप्प होती. तिचा एकही गुण गेला नव्हता, पण चार लाखांहून जास्त मुलं एका झटक्यात पाच-पाच गुणांनी वर आली होती. पाच का, तर चुकीच्या उत्तराचा वजा एक गेला आणि बरोबरचे चार आले. गुण तेवढेच राहिले आणि क्रमांक घसरला. त्या वर्षी ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ होते, आणि त्यातले ४४ या एका प्रश्नामुळे तिथे पोचले होते.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका विद्यार्थ्याचं म्हणणं होतं, की वजा गुणाच्या भीतीनं मी हा प्रश्न सोडला आणि आता दोन उत्तरांना गुण देऊन माझं नुकसान झालं. २२ जुलै २०२४ ला न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अहवाल आला. बरोबर उत्तर एकच, पर्याय ४. २६ जुलैला सुधारित निकाल लागला. पर्याय २ लिहिणाऱ्यांचे पाच गुण गेले आणि पूर्ण गुण मिळवणारे सतराच उरले.

ती पहिली मुलगी पुन्हा आली. या वेळी रडली नाही. फक्त विचारलं, "सर, तुम्ही तर म्हणाला होतात ना, हरकत बरोबर आहे?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे समजलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

माझी चूक कुठे झाली? मी पान पाहिलं, पण प्रश्न तपासला नाही. "पुस्तकात लिहिलंय" एवढ्यावर मी थांबलो. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते वाक्य बदललं होतं. तिथे "बहुतेक मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात" असं होतं. "प्रत्येक" आणि "बहुतेक" या दोन शब्दांतच सगळा फरक होता. अभ्यास नव्या आवृत्तीवरून करायचा होता. जुन्या आवृत्तीतली चूक हा प्रश्नाचा दुसरा अर्थ होत नाही, ती जुनी चूकच राहते. नव्या पुस्तकाबद्दल मी दोन मिनिटं चौकशी केली असती, तर दोनशे रुपये वाचले असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मुलीचे दोन महिने खोट्या आशेत गेले नसते.

आता तपासणीकडे येऊ. पहिली पायरी इतकी साधी आहे की सगळे ती गाळतात. आपण ज्या प्रश्नाबद्दल भांडतोय, तो प्रश्न नेमका समोर आहे का? ए, बी, सी, डी असे संच असतात. माझा संच बी आणि मी पाहतोय ती तालिका सी ची, असं दरवर्षी होतं. तेव्हा आधी प्रश्नपत्रिका, ओएमआरची प्रत आणि तालिका, तिन्ही शेजारी ठेवा. संच जुळवा, प्रश्न क्रमांक जुळवा, आपण नेमका कोणता गोल रंगवला ते पाहा. मग प्रश्न मोठ्यानं वाचा, शेवटच्या शब्दापर्यंत. एकदा एका मुलाच्या तोंडून प्रश्न ऐकून मी की चुकल्याचं जाहीर करून टाकलं होतं. संध्याकाळी कागद पाहिला, तर प्रश्नात "योग्य नसलेले विधान ओळखा" असं होतं. ते "नसलेले" त्याच्याही डोळ्यांतून सुटलं होतं आणि माझ्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

वाचण्यातली दुसरी चूक भाषेची. एकसमान वर्तुळाकार गतीत वेग स्थिर असतो का? मुलं म्हणतात, हो, सर, रफ्तार तर तेवढीच आहे. घरी आपण चाल आणि वेग दोन्हींना रफ्तारच म्हणतो. पण पुस्तकात चालीला दिशा नसते, वेगाला असते. वर्तुळात दिशा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून चाल स्थिर आणि वेग बदलता. इथे प्रश्न दुहेरी नाही. शास्त्राच्या पेपरात शब्दाचा अर्थ शास्त्राचा धरायचा असतो, ओट्यावरच्या गप्पांचा नाही. तेव्हा "मला दोन अर्थ वाटले" हे पुरेसं नाही. ते दोन्ही अर्थ त्या विषयाच्या पुस्तकाला मान्य आहेत का, हे पाहायचं.

दुसरी पायरी. कीवर हात ठेवा आणि प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. शक्यतो दुसऱ्या दिवशी, कारण परीक्षेच्या दिवशी डोक्यात आपलंच उत्तर घोळत असतं. पायऱ्या पूर्ण लिहा. उत्तर आलं की हात काढा. कीचं उत्तर वेगळं असेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: कीचं उत्तर बरोबर ठरावं म्हणून मला काय बदलावं लागेल?

सगळी किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून दोन उदाहरणं घेऊ.

समजा विचारलं आहे, ६ ओहम आणि ३ ओहम हे दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध किती? पर्याय २, ४.५, ९ आणि १८. समांतर जोडणीत गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे १८ भागिले ९, उत्तर २ ओहम. कीमध्ये ९ आहे. आता ९ बरोबर ठरायला काय बदलावं लागेल? प्रश्नातला "समांतर" शब्द खोडून "एकसर" लिहावा लागेल. म्हणजे छापलेला प्रश्नच बदलावा लागेल. प्रश्न आहे तसा ठेवून कोणत्याही वाचनानं ९ येत नाही. ही की चुकली. नेमकी कशी चुकली तेही दिसतं, एकसर जोडणीचं उत्तर टाकलं गेलं आहे. असं कारण सापडलं की आपला दावा भक्कम होतो.

आता दुसरं उदाहरण. "महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा कोणता?" पर्यायांत अहमदनगर आहे आणि ठाणेही आहे, आणि प्रश्न २०११ च्या जनगणनेच्या तक्त्याखाली विचारला आहे. क्षेत्रफळानं अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. २०११ च्या लोकसंख्येनं ठाणे, कारण तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता. कीमध्ये अहमदनगर असेल आणि तुम्ही ठाणे लिहिलं असेल, तर की बरोबर ठरायला काय बदलावं लागेल? प्रश्नातला एकही शब्द खोडावा लागत नाही. फक्त "मोठा" म्हणजे क्षेत्रफळानं असं धरावं लागतं. तुमच्या उत्तरासाठी "मोठा" म्हणजे लोकसंख्येनं असं धरावं लागतं. वर जनगणनेचा तक्ता असल्यामुळे तुमचं वाचनही निराधार नाही. की चुकलेली नाही, प्रश्न दुहेरी आहे.

म्हणजे खूण अशी. कीला वाचवायला प्रश्नातला शब्द बदलावा लागत असेल, तर की चूक. शब्द तसाच ठेवून फक्त त्याचा अर्थ निवडावा लागत असेल, तर प्रश्न संदिग्ध. आणि काहीच बदलावं लागत नसेल, फक्त तो शब्द आपण आधी नीट वाचला नव्हता, तर चूक आपली.

हाच जनगणनेचा तक्ता काढून टाका आणि प्रश्न भूगोलाच्या भागात ठेवा. मग? भूगोलाच्या पुस्तकात नुसतं "मोठा जिल्हा" म्हटलं की क्षेत्रफळ धरतात, असं परीक्षक म्हणेल आणि त्याचं म्हणणं टिकेल. दोन अर्थ असणं पुरेसं नाही. दोन्हींचं वजन जवळपास सारखं असायला हवं.

आणखी एक अट आहे, तिच्यासाठी आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. "वाशीम जिल्हा केव्हा अस्तित्वात आला?" की म्हणते १ जुलै १९९८, अकोल्यातून वेगळा झाला ती तारीख. एखादा वाचन असलेला मुलगा म्हणेल, सर, इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात वाशीम जिल्हा होताच, १९०५ मध्ये तो मोडला, मग १९९८ कसं? त्याची माहिती खरी आहे. पण चार पर्यायांत त्या जुन्या जिल्ह्याच्या निर्मितीचं सालच नसेल, तर त्याचा दुसरा अर्थ कोणत्याच गोलात बसत नाही. बहुपर्यायी प्रश्नात संदिग्धता पर्यायांतही दिसावी लागते. दोन वाचनं आणि त्या प्रत्येकासाठी एक पर्याय, तेव्हाच हरकत. नाहीतर ती चांगली टीप आहे, हरकत नाही.

आता पुन्हा अणूच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो या सगळ्यात अवघड आहे. मी स्वतः नंतर बरेच दिवस म्हणत होतो, की प्रश्न संदिग्ध आहे. माझा मुद्दा असा होता: "स्थिर" शब्दाचे पदार्थविज्ञानात दोन अर्थ आहेत. एक बोहरच्या प्रतिकृतीतला. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळत नाही, म्हणून अणू स्थिर. या अर्थानं युरेनियमचा अणूसुद्धा स्थिर. दुसरा केंद्रकाचा. युरेनियम, रेडियम यांची केंद्रकं आपोआप क्षय पावतात, म्हणून ते अस्थिर. दोन अर्थ आहेत, दोन पर्याय आहेत. मग समितीनं एकच उत्तर का मानलं?

माझं आकलन सांगतो. दुसरं विधान खरं ठरवायचं तर आपल्याला मनातल्या मनात त्यात शब्द घालावे लागतात: "इलेक्ट्रॉनांच्या रचनेच्या दृष्टीनं" स्थिर. ते शब्द कागदावर नाहीत. खोटं ठरवायला काहीच घालावं लागत नाही. केंद्रक अणूचाच भाग आहे, ते फुटलं की तो अणू त्या मूलद्रव्याचा राहत नाही. आणि वाक्यात "प्रत्येक" आहे. "प्रत्येक" म्हणणारं विधान पाडायला एक अपवाद पुरतो, आणि किरणोत्सारी मूलद्रव्यं तर त्याच इयत्तेत पुढच्याच प्रकरणात शिकवली आहेत. तेव्हा ज्या वाचनाला जास्तीचे शब्द उसने घ्यावे लागतात, ते वाचन कमजोर. वर जनगणनेचा तक्ता असलेल्या प्रश्नात दोन्ही बाजूंना सारखाच एक-एक शब्द घालावा लागत होता, क्षेत्रफळानं किंवा लोकसंख्येनं. इथे फक्त एकाच बाजूला. हा फरक त्या दिवशी मला दिसला असता, तर मी त्या मुलीला सांगितलं असतं, "बेटा, वाईट वाटतं, पण ४ च बरोबर आहे."

इतकं काटेकोर का व्हायचं? कारण शंका उरली तर ती आपल्या बाजूनं मोजली जात नाही. १९८२ मध्ये उत्तर प्रदेशात वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा झाली होती, कानपूर विद्यापीठानं घेतलेली. मुलांनी काही उत्तरांवर हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ मध्ये निकाल आला, कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता. तेव्हा सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते. २०२४ मध्ये नीटचं प्रकरण ऐकणारे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्यांचेच चिरंजीव, हा योगायोग. त्या १९८३ च्या निकालाचा सारांश असा: की बरोबर आहे असंच आधी धरायचं. लांबलचक तर्क लढवून ती चूक ठरवायची नाही. त्या विषयाच्या जाणकारांपैकी कोणीही समंजस माणूस ते उत्तर बरोबर म्हणणार नाही, इतकी चूक उघड दिसली पाहिजे. शंका असेल तर कीच्या बाजूनं. पण त्या खटल्यात मुलं जिंकली, कारण अभ्यासक्रमाला लावलेली पुस्तकं पूर्णपणे त्यांच्या बाजूनं होती. न्यायालयाचं म्हणणं असं, की मुलाचं ज्ञान त्या पुस्तकांतूनच आलेलं असतं, मग त्यानुसार दिलेल्या उत्तराची शिक्षा त्याला कशी द्यायची?

दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. पुस्तक हा आपला सर्वांत मोठा साक्षीदार आहे, पण ते लावलेलं पुस्तक हवं आणि चालू आवृत्ती हवी. चार क्लासवाल्यांच्या चार तालिका एकमेकींशी जुळतात, हा पुरावा नाही, कारण अनेकदा त्या एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. गाईडचं पान हाही पुरावा नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठ, आवृत्तीचं वर्ष असलेलं पान आणि ती ओळ असलेलं पान, हे तीन फोटो म्हणजे पुरावा.

आपल्याकडे मराठी आणि उर्दू माध्यमाची मुलं पुष्कळ आहेत, म्हणून एक जास्तीची तपासणी सांगतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत आणि उर्दूतही मिळते, पण भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम, असा नियमच आहे. म्हणून हरकतीआधी तोच प्रश्न इंग्रजीतून वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या. इंग्रजीतही तोच घोळ असेल, तर पुढे जा. इंग्रजीत प्रश्न स्वच्छ असेल आणि फक्त भाषांतरात शब्द चुकला असेल, तर "की चूक आहे" असं लिहिलेली हरकत हमखास पडते, कारण इंग्रजीप्रमाणे की बरोबरच असते. तिथे भाषांतराचा दोष म्हणूनच लिहावं लागतं, दोन्ही भाषांतली ओळ शेजारी ठेवून. नियम पाहता त्यात यश कमी मिळतं, हे आधीच जाणून घ्या. पण निदान परीक्षकाला चूक नेमकी कुठे ते कळतं.

आता शेवटचा मुद्दा, आपण मागायचं काय? इथेच की चूक आणि प्रश्न संदिग्ध यांतला फरक गुणांत उतरतो. त्या वर्षीच्या नीटच्या नियमांप्रमाणे पाहा. कीमध्ये दुरुस्ती झाली, तर नव्या उत्तराला चार, जुन्याला वजा एक. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर ठरले, तर त्यांपैकी कोणताही लिहिणाऱ्याला चार, पण प्रश्न सोडणाऱ्याला शून्यच. आणि प्रश्नच चुकीचा ठरून रद्द झाला, तर परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना चार, प्रश्न सोडवला असो वा नसो.

प्रामाणिक मुलगा संदिग्ध प्रश्नावर गोंधळून तो सोडून देतो. त्याच्यासाठी "दोन्ही पर्याय धरा" हा न्याय नाही. म्हणूनच १९८३ च्या निकालात म्हटलं होतं, की संशयास्पद प्रश्न वगळावा आणि त्याला गुणच ठेवू नयेत. तेव्हा प्रश्न खरोखर दुहेरी असेल, तर "माझाही पर्याय धरा" असं लिहू नका, "प्रश्न रद्द करा" असं लिहा. आणि की चुकली असेल तर रद्द करा म्हणू नका, कारण मग ज्यानं बरोबर सोडवला त्याची मेहनत पाण्यात जाते. तिथे "पर्याय अमुक करा" असंच लिहा. उलटं लिहिलेली हरकत वाचणाऱ्याला कळतं, की याला स्वतःचा मुद्दाच समजलेला नाही.

हरकत चार ओळींची असावी. पहिल्या ओळीत संच आणि प्रश्न क्रमांक. दुसऱ्या ओळीत प्रकार, की चूक किंवा प्रश्न संदिग्ध, दोन्ही नाही. तिसऱ्या ओळीत कारण. रोधांच्या प्रश्नासाठी ते असं लिहू: "प्रश्नात समांतर जोडणी आहे, ६ × ३ भागिले ६ + ३ बरोबर २ ओहम, तालिकेतील ९ ओहम हे एकसर जोडणीचे उत्तर आहे." जिल्ह्याच्या प्रश्नासाठी असं: "मोठा हा शब्द क्षेत्रफळाने वाचल्यास पर्याय १, लोकसंख्येने वाचल्यास पर्याय ३, प्रश्नात निकष दिलेला नाही." चौथ्या ओळीत मागणी. सोबत पानांचे फोटो. किती कष्ट घेतले, किती आशा होती, हे त्यात लिहू नका. ते खरं असतं, पण तपासणाऱ्याला ते तोलता येत नाही. मुदत दोन-तीन दिवसांचीच असते आणि अंतिम तालिका आल्यावर हरकत घेतली जात नाही, म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी सुरू करा.

आणि कागद पाठवण्याआधी तो एकाला दाखवा. ज्यानं कीप्रमाणे उत्तर लिहिलं, अशा एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला. त्याला म्हणा, तू परीक्षक हो आणि माझी हरकत पाड. त्या वर्षी मी हे केलं असतं, तर उत्तर माझ्या घरातच बसलं होतं. दुसऱ्या मुलीला मी नंतर विचारलं, "तू ४ का लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, 'प्रत्येक' लिहिलं होतं ना. मला रेडियम आठवलं."

आता तुमच्यापैकी कोणाकडे वादातला प्रश्न असेल तर कागद घेऊन पुढे या. उत्तर आधी सांगू नका, प्रश्न वाचून दाखवा, शेवटच्या शब्दापर्यंत.